पेटी कॅश संपली की किती भरायची? शाळेच्या कार्यालयासाठी इम्प्रेस्ट पद्धत

प्रश्न: मी सोलापुरात एका अनुदानित माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. किरकोळ खर्चासाठी मुख्याध्यापक लागेल तसे पैसे देतात, कधी हजार, कधी दोन हजार. कमी पडले तर त्या दिवशी जमा झालेल्या फीमधून घेतो. महिनाअखेरीला हिशोब जुळत नाही. ऑडिटर म्हणाले, इम्प्रेस्ट पद्धत सुरू करा. ती नेमकी कशी चालवायची? आणि संपलेले पैसे पुन्हा भरून दिल्यावर खर्च आटोक्यात कसा राहणार, उलट वाढणार नाही का?

उत्तर:

वाढेल की आटोक्यात राहील, हे पैसे भरून देताना समोर काय ठेवलं जातं यावर ठरतं. इम्प्रेस्टमध्ये एक रक्कम कायमची ठरवून पेटीत ठेवतात. समजा ५,०००. त्यातून खर्च होत जातो आणि प्रत्येक खर्चाचं प्रमाणक पेटीत पडत जातं. पैसे कमी झाले की जेवढ्या रकमेची प्रमाणकं जमली असतील, बरोबर तेवढ्याच रकमेचा चेक काढून पेटी पुन्हा ५,०००वर आणायची. म्हणजे कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी पेटी उघडली तर हातातली रोख आणि भरपाई न झालेली प्रमाणकं मिळून ५,०००च भरली पाहिजेत. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही.

तुमच्याकडे आज ही बेरीज करायला जागाच नाही. मुख्याध्यापकांनी कधी हजार दिले, कधी दोन हजार, वर फीमधले तीनशे. मग ‘किती असायला हवेत’ याचं उत्तर शोधायला महिनाभराचं सगळं उकरून काढावं लागतं. रक्कम ठरलेली असली की तेच उत्तर पाच मिनिटांत मिळतं, आणि चूक झाली असेल तर ती ताजी असतानाच सापडते.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण बऱ्याच शाळांमध्ये पद्धत इथेच बिघडते. दर महिन्याच्या एक तारखेला सरसकट ५,००० काढून लिपिकाच्या हातात देणं म्हणजे इम्प्रेस्ट नव्हे. मागच्या महिन्यात ३,६६० खर्च झाले असतील तर १,३४० शिल्लक आहेत. त्यात नवे ५,००० पडले की पेटीत ६,३४० झाले. पुढच्या महिन्यात आणखी काही. दोन-तीन महिन्यांत पेटीत किती असायला हवेत हे कोणालाच सांगता येत नाही आणि जादा पडून असलेल्या पैशाला आपोआप वाटा फुटतात. भरपाई खर्चाइतकीच, गोल आकड्यात कधीच नाही. चेकवर ३,६६० असा वेडावाकडा आकडा दिसला की समजावं, पद्धत बरोबर चालली आहे.

रक्कम किती ठेवायची

मागच्या तीन-चार महिन्यांची जेवढी बिलं, पावत्या, चिठ्ठ्या सापडतील तेवढ्या गोळा करा आणि फक्त खरोखरीच्या किरकोळ खर्चाची बेरीज करा. वीजबिल, टेलिफोन, नेहमीच्या दुकानदाराचं स्टेशनरीचं मोठं बिल हे सगळं बाजूला काढा. ते चेकनेच गेलं पाहिजे. उरलेला खर्च महिन्याला साधारण चार हजारांच्या आसपास येत असेल तर ५,००० ही रक्कम ठीक. महिन्याभराचा खर्च निघावा आणि चेक हातात येईपर्यंत अडू नये, एवढाच हिशोब.

हा दुसरा भाग लोक विसरतात. अनुदानित शाळांत चेकवर बहुधा मुख्याध्यापकांबरोबर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचीही सही लागते. ते गावात नसले की तीन-चार दिवस जातात. म्हणून पेटी पूर्ण रिकामी होण्याची वाट बघू नका. १,५०० उरले की भरपाईचा कागद तयार करायचा, असा नियम घाला. पेटी कोरडी पडली की मग फीच्या पैशांना हात लागतो, आणि तुमचा मूळ आजार तोच आहे.

फीचं एकदाच सांगतो. फी, दाखल्याचे पैसे, काहीही जमा झालं तर पूर्णच्या पूर्ण बँकेत भरणा करायचा. पावतीपुस्तकाची त्या दिवसाची बेरीज आणि भरणा स्लिपचा आकडा एक आला पाहिजे. त्यातले तीनशे मधल्यामध्ये चहाला गेले, तर पावतीपुस्तकही जुळत नाही आणि खर्चही कुठे दिसत नाही. पेटीत पैसे येण्याचा रस्ता एकच, बँकेतून चेकने. दोन डबे वेगळे ठेवा, शक्य असेल तर दोन कपाटांत.

सुरुवात करताना मुख्याध्यापकांकडून एक लेखी आदेश घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: पेटीची रक्कम, पेटी सांभाळणाऱ्याचं नाव, एका खर्चाची कमाल मर्यादा (८०० पुरे) आणि पेटीतून काय द्यायचं नाही. पगाराची उचल, शिक्षकांना हातउसने, खुर्ची-पंखा यांसारखी डेडस्टॉकला लावायची वस्तू, नेहमीची मासिक बिलं हे पेटीतून नाही. पेटी तुमच्याकडे असेल तर खर्चाला मंजुरी तुमची नको, ती मुख्याध्यापकांची किंवा पर्यवेक्षकांची हवी. पैसे देणारा आणि ‘द्या’ म्हणणारा एकच असला की या पद्धतीतला अर्धा अर्थ जातो.

पहिल्या दिवशी ५,०००चा चेक काढला की कॅशबुकात बँकेतून रक्कम कमी होते आणि खतावणीत ‘पेटी कॅश’ या खात्याला ५,००० नावे पडतात. तो आकडा मग वर्षभर हलत नाही. पेटी कॅश खात्यात दर आठवड्याला काहीतरी टाकलेलं दिसलं तर समजा, लिहिणाऱ्याला पद्धत कळलेली नाही.

जानेवारीचा एक महिना घेऊ

समजा जानेवारीच्या सुरुवातीला पेटीत पूर्ण ५,००० आहेत. वर्षाचे प्रमाणक क्रमांक एप्रिलपासून चालू असतात, म्हणून महिना ११८ पासून सुरू होतो असं धरू.

११८, ५ जानेवारी: पिण्याच्या पाण्याचे जार १२, ३६० रुपये
११९, ६ जानेवारी: जिल्हा परिषदेत शिक्षण विभागाला प्रस्ताव देणे, रिक्षा जाऊन-येऊन, १२०
१२०, ७ जानेवारी: टपाल, ११०
१२१, ९ जानेवारी: झेरॉक्स, ३४०
१२२, १२ जानेवारी: हुतात्मा दिन, हार-फुलं, २८०
१२३, १७ जानेवारी: मुलांच्या पाण्याच्या टाकीची तोटी २२० आणि प्लंबरची मजुरी २५०, एकूण ४७०
१२४, १९ जानेवारी: फिनेल, झाडू, ५८५
१२५, २१ जानेवारी: शाळा समितीच्या बैठकीचा चहा-नाश्ता, २६०
१२६, २३ जानेवारी: खडू, डस्टर, ४९५
१२७, २४ जानेवारी: ध्वजवंदनाची तयारी, रांगोळी, दोरी, फुलं, ६४०

बेरीज ३,६६०. पेटीत १,३४० उरायला हवेत. १,५००च्या खाली गेले, म्हणजे भरपाईची वेळ झाली.

आता यातल्या निम्म्या खर्चांना छापील पावती मिळत नाही. रिक्षावाला देत नाही, फुलवाली देत नाही, प्लंबर देत नाही. इथे आपलं स्वतःचं प्रमाणक बनवायचं. पण त्यावर ‘रिक्षा भाडे १२०’ एवढं लिहून भागत नाही. कोण गेलं, कुठून कुठे, कोणत्या कामाला, जावक क्रमांक असेल तर तो, आणि पैसे घेणाऱ्याची सही. रिक्षावाल्याची सही मिळत नाही, तेव्हा गेलेल्या शिपायाची घ्या. प्लंबरची मात्र त्याच्याकडूनच घ्या, सही येत नसेल तर अंगठा. जावक रजिस्टरात ६ जानेवारीला शिक्षण विभागाचं पत्र नोंदलेलं असलं की त्या १२० रुपयांना दुसरा साक्षीदार मिळाला. प्रमाणक असंच लिहावं की ते शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या रजिस्टराशी ताडून बघता येईल.

छापील बिल मिळालं तरी एक काळजी घ्या. मशिनवर निघणारं गुळगुळीत कागदाचं बिल उन्हाळ्यात पुसट होतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तर तुम्हाला माहीत आहे. ऑडिटला बसता तेव्हा हातात कोरा कागद येतो. त्या बिलाची झेरॉक्स काढून मूळ बिलासोबत टाचा.

वहीत डाव्या बाजूला मिळालेली रक्कम, मग तारीख, प्रमाणक क्रमांक, तपशील, एकूण, आणि उजवीकडे खर्चाच्या शीर्षांचे रकाने. आठ रकाने शाळेला पुरतात. वरचा महिना रकान्यांत टाकला तर असा पडतो: प्रवास १२०, टपाल ११०, झेरॉक्स व छपाई ३४०, स्वच्छता ५८५, दुरुस्ती ४७०, शैक्षणिक साहित्य ४९५, चहापान व पाणी ६२०, कार्यक्रम ९२०. आडवी बेरीजही ३,६६० आली पाहिजे. ‘इतर’ नावाचा रकाना ठेवू नका. ठेवलात तर सहा महिन्यांत सगळ्यात फुगलेला रकाना तोच असतो आणि त्यात काय आहे ते कोणीच सांगू शकत नाही.

मोजायचं कसं आणि कमी भरलं तर

भरपाईचा कागद करण्याआधी रोख मोजायची. मोजणी पेटी सांभाळणाऱ्यानेच करायची, पण मुख्याध्यापकांसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या माणसासमोर. समजा निघाले: पाचशेची एक, दोनशेच्या दोन, शंभराच्या दोन, पन्नासाच्या दोन, विसाच्या चार, दहाच्या तीन. म्हणजे १,३१०. असायला हवेत १,३४०. तीस कमी.

अशा वेळी पहिला मोह होतो तो आपल्या खिशातले तीस टाकून मोकळं होण्याचा. ते करू नका. तीस रुपयांना फार किंमत नाही, पण तो फरक तुम्हाला काहीतरी सांगतो आहे आणि खिशातून भरला की तो गप्प होतो. दुसरा मोह, एखाद्या प्रमाणकावर आकडा वाढवून लिहिण्याचा. तो तर सरळ खोटेपणाच.

शोधायचं कुठे? आधी प्रमाणकांची बेरीज पुन्हा करा. मग वहीतले आकडे बिलांशी ताडा, ५८ आणि ८५ असे आकडे उलटे पडतात. मग ज्या खर्चात पैसे आधी दिले आणि हिशोब मागाहून आला ते बघा, कारण फरक बहुतेक वेळा तिथेच असतो. इथे १७ तारखेला तोटी आणायला शिपायाला पाचशे उचल दिली होती. ४७० खर्च झाले, तीस परत यायचे होते. प्रमाणक बनलं, उचलीची चिठ्ठी फाडून टाकली, आणि तीस परत आले की नाही हे कोणी बघितलंच नाही. शिपायाला विचारलं तर तो लगेच काढून देईल, त्याच्याही लक्षातून गेलेलं असतं. मग पेटीत १,३४० झाले.

म्हणून उचल दिली की छोट्या चिठ्ठीवर तारीख, रक्कम, काम आणि सही घ्यायची. हिशोब आल्यावर त्याच चिठ्ठीवर ‘खर्च ४७०, परत ३०’ असं लिहून ती प्रमाणकाला टाचायची, फाडायची नाही. चिठ्ठीचं आयुष्य एक दिवसाचं, फार तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत. पेटीत आठवडाभर जुनी चिठ्ठी सापडली की ती उचल उरली नाही, हातउसने झाले. आणि भरपाईच्या दिवशी एकही चिठ्ठी उघडी राहता कामा नये. उघडी चिठ्ठी प्रमाणक नसते, तिच्यावर चेक निघत नाही.

शोधूनही फरक सापडला नाही, तर तो मोजणीच्या कागदावर लिहायचा, मुख्याध्यापकांनी त्यावर काय करायचं ते लेखी ठरवायचं आणि ‘रोख कमी-जास्त’ या शीर्षाखाली त्याचं वेगळं प्रमाणक करायचं. जादा निघाले तरी तसंच. जादा निघाले म्हणून आनंद मानायचं कारण नाही, बहुधा कोणाला तरी कमी दिलेले असतात किंवा एक खर्च दोनदा लिहिलेला असतो.

चेक निघताना

भरपाईच्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: प्रमाणक ११८ ते १२७, शीर्षवार बेरीज ३,६६०, आणि मोजलेली रोख १,३४०. सोबत सगळी प्रमाणकं टाचलेली. मुख्याध्यापकांनी इथे फक्त खाली सही करायची नाही, एकेक प्रमाणक उलटून बघायचं आहे. दहाच आहेत, दहा मिनिटं लागतात. सही झाली की प्रत्येक प्रमाणकावर ‘भरपाई झाली’ असा शिक्का आणि चेक क्रमांक. शिक्का मूळ बिलावरही पडला पाहिजे, फक्त वरच्या आवरणकागदावर नको. बिनशिक्क्याचं बिल पुढच्या महिन्यात पुन्हा आत येऊ शकतं. कोणी मुद्दाम करेल असं नाही. गठ्ठ्यातून सुटलेलं बिल नव्या गठ्ठ्यात सहज मिसळतं.

कॅशबुकात या चेकची नोंद खर्चाच्या आठ शीर्षांवर पडते: प्रवास १२०, टपाल ११०, असे आठही आकडे नावे आणि बँक ३,६६०ने कमी. खर्च खऱ्या अर्थाने हिशोबात येतो तो याच क्षणी. पेटी कॅश खात्याचे ५,००० तिथेच राहतात. पैसे आणून पेटीत टाकले की रोख पुन्हा ५,००० आणि प्रमाणक शून्य.

ताबा राहतो तो कुठे

तुमच्या प्रश्नाचा खरा भाग हा आहे. भरपाई दर वेळी मिळतेच, तर खर्च कमी का होईल?

दोन गोष्टी आपोआप दिसायला लागतात. पहिली, दोन भरपाईंमधलं अंतर. रक्कम कायम ५,०००च आहे, म्हणून पेटी किती दिवस पुरली हाच खर्चाच्या वेगाचा आकडा. जानेवारीत ती साधारण तीन आठवडे पुरली. समजा फेब्रुवारीत बाराव्याच दिवशी १,५००च्या खाली गेली. कोणी तक्रार करायची गरज नाही, भरपाईचा कागदच मुख्याध्यापकांच्या टेबलावर लवकर येतो.

दुसरी, रकाने. दोन कागद शेजारी ठेवले की बोट नेमकं कुठे ठेवायचं ते कळतं. टपाल, प्रवास, स्वच्छता सगळं जवळपास तेवढंच, पण झेरॉक्सच्या रकान्यात ३४०च्या जागी १,४८०. प्रमाणकं उलटली तर सहा वेगवेगळ्या दिवशीची झेरॉक्सवाल्याची बिलं. विचारल्यावर कळतं की कार्यालयातल्या प्रिंटरचा टोनर संपला आहे आणि नव्याची मागणी कधीची पडून आहे. दहावीच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, पालकांना नोटिसा, सगळं बाहेर जातं आहे. पेटीचा खर्च वाढला होता तो टोनरची मागणी अडकल्यामुळे. टोनर चेकने विकत घेतला की पुढच्या भरपाईत तो रकाना खाली येतो. न आल्यास आणखी खोलात जायचं. इम्प्रेस्ट नसती तर हे १,४८० कधी हजारात, कधी फीच्या तीनशेत विरघळून गेले असते आणि टोनरची मागणी उन्हाळ्यापर्यंत तशीच राहिली असती.

म्हणून भरपाईचे कागद एका फायलीत तारखेनुसार लावा, आणि प्रत्येक नव्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मागच्या भरपाईची तारीख आणि रक्कम लिहा. एवढ्या एका ओळीने मुख्याध्यापकांचं काम निम्मं होतं.

प्रमाणकं उलटताना आणखी एक खूण ओळखायला शिका. मर्यादा ८०० आहे, आणि एकाच दुकानाची ७६० आणि ७४०ची दोन बिलं, लागोपाठच्या दोन दिवसांची, बिल क्रमांकही पाठोपाठचे. ही खरं तर १,५००ची एकच खरेदी आहे, मर्यादेखाली बसवण्यासाठी तोडलेली. घेणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही, कदाचित चेकची वाट बघायला वेळ नव्हता. पण तोडलेलं बिल एकदा चाललं की मर्यादेला अर्थ राहत नाही. ते परत पाठवा आणि खरेदी रीतसर चेकने घ्या.

हल्ली आणखी एक नवा गुंता आहे. शिपाई किंवा शिक्षक स्वतःच्या मोबाइलवरून यूपीआयने पैसे देतात आणि नंतर तुमच्याकडे मागतात. द्यायला हरकत नाही, पण मोबाइलचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. त्यावरून कोणाला किती गेले ते कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. दुकानाचं बिल आणि व्यवहार क्रमांक दोन्ही प्रमाणकाला लावा, पैसे रोखीने द्या आणि घेणाऱ्याची सही घ्या. उलट बाजूने, पेटीची रोख स्वतःच्या खात्यात टाकून तिथून यूपीआय करणं कटाक्षाने टाळा. शाळेचे पैसे तुमच्या पगाराच्या खात्यात मिसळले की पेटीतली रोख मोजून काहीच सिद्ध होत नाही, आणि प्रश्न विचारले जातील ते तुम्हाला.

अचानक मोजणी महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी, भरपाईचा दिवस सोडून. मुख्याध्यापक दुपारी येऊन म्हणतात, पेटी काढा. तुम्ही त्यांच्यासमोर मोजता, प्रमाणकांची बेरीज मिळवता, ५,००० येतात, वहीत त्या ओळीखाली दोघांच्या सह्या. यात अपमान मानू नका. ती सही सगळ्यात जास्त तुमच्याच उपयोगाची आहे. तुम्ही रजेवर जाता तेव्हाही असंच: मोजून, सह्या करून पेटी दुसऱ्याकडे द्यायची, आणि परत आल्यावर मोजूनच घ्यायची. किल्ली नुसती टेबलावर ठेवून जायचं नाही.

पद्धतीच्या मर्यादा

फुलांचे २८० खरंच २८० होते की १८०, हे बेरीज जुळण्यावरून कळत नाही. बेरीज पैसे आणि कागद यांचा मेळ दाखवते, कागद खरा आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी भाव माहीत असलेला माणूस प्रमाणकं बघणारा हवा, आणि मागच्या वर्षीच्या १२ जानेवारीचं प्रमाणक काढून ताडणं हा साधा उपाय आहे. मुख्याध्यापक न बघता सही करत असतील तर पेटी जुळलेली राहील आणि खर्च तरी वाढत जाईल.

महिन्यातून दोनपेक्षा जास्त वेळा भरपाई लागू लागली आणि रकाने तपासूनही सगळे खर्च रास्त निघाले, तर रक्कम वाढवायची वेळ आली आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात जार वाढले, तेवढ्यावरूनही हे होऊ शकतं. नव्या लेखी आदेशाने ५,०००चे ७,००० करा आणि वाढीच्या २,०००चाच चेक पेटी कॅश खात्याला नावे टाका. मात्र स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल अशा एकदाच येणाऱ्या खर्चासाठी पेटी फुगवू नका. त्यासाठी वेगळी उचल, वेगळा हिशोब.

सुरुवात आणि मार्चअखेर

आत्ता ड्रॉवरमध्ये जे काही पैसे आहेत ते आधी मोजा, जेवढ्या खर्चाची बिलं हातात आहेत तेवढी लिहून काढा, आणि उरलेली सगळी रोख बँकेत भरा. फरक राहिला तर तो आदेशासह लिहून बंद करा. जुन्या शिलकीवर नवी पेटी उभी करू नका. स्वच्छ ५,०००चा चेक काढून सुरुवात करा.

मार्चमध्ये एक अपवाद करावा लागतो. १,५०० उरण्याची वाट न बघता, कितीही कमी प्रमाणकं असली तरी महिना संपण्याआधी भरपाई करायची. समजा २८ मार्चला १,९०० खर्च झालेले आहेत. भरपाई केली नाही तर हे १,९०० या वर्षाच्या खर्चात येत नाहीत, आणि ३१ मार्चच्या ताळेबंदात पेटी कॅश ५,००० दिसते, पेटीत मात्र ३,१०० रोख आणि बाकी कागद. लेखापरीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात. दुसऱ्या सहीसाठी धावपळ होऊ नये म्हणून चेक दोन-तीन दिवस आधी तयार ठेवा. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशोबासाठी ग्राहकांना बंद असतात, त्यामुळे ‘उद्या आणू’ म्हणायला जागा नसते. शेवटच्या भरपाईनंतर ३१ तारखेपर्यंत शक्यतो पेटीतून खर्च करू नका. ३१ला संध्याकाळी रोख मोजून नोटांचा तपशील एका कागदावर लिहा, त्यावर मुख्याध्यापकांची आणि तुमची सही घ्या आणि तो कागद कॅशबुकाच्या त्या पानाला टाचून ठेवा. काही संस्था त्या दिवशी सगळी रोख बँकेत भरून एप्रिलमध्ये नव्याने काढतात, तेही चालतं. तुमच्या ऑडिटरना कोणतं हवं ते फेब्रुवारीतच विचारून घ्या.